साठ पैशांत सौदा कसा कापला जातो: डॉलर-रुपयाच्या वायद्यातला मार्जिनचा हिशोब

लातुरात कुणाला इसार समजावून सांगावा लागत नाही. प्लॉट दहा लाखांचा, हातात पन्नास हजार. तेवढा इसार देऊन इसारपावती केली की प्लॉट आपल्या बोलीत आला. सहा महिन्यांत भाव बारा लाख झाला तर वरचे दोन लाख आपले. गंजगोलाईजवळच्या एका ब्रोकरच्या शाखेत मी डीलर होतो, तेव्हा डॉलरच्या वायद्याला, म्हणजे पुढच्या तारखेचा डॉलर आजच्या भावात बांधायच्या सौद्याला, लागणारं मार्जिन येणाऱ्या प्रत्येकाला असंच समजावायचो. लोकांना पटकन कळायचं.

पुढे लक्षात आलं की हे उदाहरण अर्धं खरं आणि अर्धं घातक आहे. प्लॉटचा भाव पडला तर माणूस सहसा इसारावर पाणी सोडतो आणि विषय संपवतो. मार्जिनचं तसं नाही. वायद्याचा भाव रोज मोजला जातो आणि त्या दिवसाचा तोटा त्याच दिवशी तुमच्या खात्यात नावे पडतो. इसार कमी पडला की भरून मागतात. नाही भरला तर सौदा कापतात. आणि एवढं करूनही तोटा इसारापेक्षा जास्त निघाला, तर वरची रक्कम तुमच्याकडूनच वसूल होते. आयुष्यभर इसारावर जमिनी घेतलेली माणसं इथे फसली ती या दुसऱ्या अर्ध्या भागामुळे.

खाली एका दालमिलवाल्या अप्पांच्या सौद्यावरून हा हिशोब पायरीपायरीनं मांडतो. आकडे सोपे केले आहेत, घडलं ते तसंच.

पहिली पायरी: तुम्हाला हा सौदा करता येतो का?

भारतात सामान्य माणसासाठी चलनाच्या वायद्याचं अधिकृत ठिकाण म्हणजे एनएसई आणि बीएसईसारखी शेअर बाजारांची एक्स्चेंजेस. एनएसईवर डॉलर-रुपयाचा वायदा ऑगस्ट २००८ मध्ये सुरू झाला. बरीच वर्षं लोक तिथे निव्वळ तेजी-मंदी करत होते. मग ५ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढून नियम पुन्हा स्पष्ट केला, आणि तो त्या वर्षीच्या ३ मे पासून लागू झाला: ज्याचा परकीय चलनात खराखुरा व्यवहार आहे, म्हणजे डॉलर द्यायचे किंवा घ्यायचे आहेत, त्यानंच हा सौदा करायचा. दहा कोटी डॉलरपर्यंत आधी कागद दाखवावे लागत नाहीत, पण मागितले तर दाखवता आले पाहिजेत. लहान सटोडिये त्यानंतर जवळजवळ बाहेर पडले आणि उलाढाल खूप घटली.

अप्पांकडे व्यवहार होता. आफ्रिकेतून दोन कंटेनर तूर मागवली होती. बिल ४०,००० डॉलरचं, पैसे दीड-पावणेदोन महिन्यांनी द्यायचे. तोवर डॉलर महाग झाला तर तुरीत मिळणारं सगळं डॉलरमध्ये जाणार. म्हणून आजच्या भावात डॉलर बांधून ठेवायचा, एवढाच त्यांचा हेतू. त्यात जुगार नव्हता. तरीही सौदा कापला गेला, म्हणून हे उदाहरण घेतोय.

दुसरी पायरी: एक पैसा तुम्हाला कितीला पडतो?

डॉलर-रुपयाचा एक लॉट १,००० डॉलरचा. भाव एका पैशानं हलला की लॉटमागे दहा रुपये इकडे किंवा तिकडे. स्क्रीनवर भाव पाव पैशानं हलतो, म्हणजे दर टिचकीला अडीच रुपये. ऐकायला किरकोळ वाटतं, कारण ऐकणारा एका लॉटचा विचार करत असतो.

अप्पांना ४०,००० डॉलर बांधायचे होते, म्हणजे ४० लॉट. त्यांच्यासाठी एक पैसा म्हणजे ४०० रुपये. माझ्याकडे येणाऱ्याला मी सौदा टाकायच्या आधी हा एक आकडा कागदावर लिहायला लावायचो. डॉलर ८५ रुपयांवर असताना दिवसात वीस-तीस पैसे हलणं नवलाचं नाही. म्हणजे अप्पांच्या खात्यात एखाद्या साध्या दिवशीही आठ-बारा हजारांची वर-खाली होणार होती. हे त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं. खरं तर मीच सांगितलं नव्हतं.

तिसरी पायरी: भिंतीपासून किती पैसे लांब आहात?

सौदा ८५.०० ला झाला. चाळीस लॉटची एकूण किंमत ३४ लाख रुपये. मार्जिन किती लागेल हे एक्स्चेंज ठरवतं आणि बाजार किती उसळतोय त्यावर ते बदलतं. आपण अडीच टक्के धरू, म्हणजे लॉटमागे २,१२५ आणि चाळीस लॉटला ८५,००० रुपये. थोडक्यात, एक रुपया लावून चाळीस रुपयांचा सौदा. लिव्हरेज म्हणतात ते हेच. इथे ते चाळीस पट.

अप्पांनी खात्यात एक लाख भरले. पंच्याऐंशी हजार अडकले, पंधरा हजार मोकळे राहिले. नवखा माणूस लाखाकडे बघतो आणि म्हणतो, लाख बुडायला वेळ आहे अजून. पण धोक्याची रेषा लाख संपल्यावर येत नाही. मोकळी रक्कम संपली की येते.

```
अंतर (पैशांत) = मोकळी रक्कम ÷ (लॉट × १०)
१५,००० ÷ (४० × १०) = ३७.५ पैसे
```

साडेसदतीस पैसे, म्हणजे पंच्याऐंशी रुपयांवर अर्धा टक्कासुद्धा नाही. एवढा डॉलर उतरला की कॉल येणार, म्हणजे कमी पडलेलं मार्जिन भरा असा निरोप. यातली गंमत अशी की अप्पांच्या हिशोबात डॉलर उतरणं ही चांगली बातमी होती, कारण तुरीचं बिल तेवढं स्वस्त पडणार होतं. पण बिलावरचा फायदा दीड महिन्यानं हाती येणार आणि वायद्यावरचा तोटा आज संध्याकाळी जाणार. दोन्ही आकडे सारखेच, पण पैसे जाण्या-येण्याच्या तारखा वेगळ्या. सौदा कापला गेला तो या तारखांच्या फरकात.

अप्पांचे चार दिवस

रोजच्या हिशोबाला एमटीएम म्हणतात, मार्क टू मार्केट. वायदा बाजार सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच चालतो. शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची सरासरी काढून त्या दिवसाचा भाव ठरतो आणि त्यावर प्रत्येक खात्याचा नफा-तोटा मोजला जातो. आता वहीत ओळी मांडल्यासारखं बघू. मार्जिनची गरज भावासोबत थोडी खाली येते, पण सोपं जावं म्हणून ती ८५,००० च ठेवतो.

पहिल्या दिवशी भाव ८४.८८. बारा पैसे गेले, ४,८०० रुपये वजा, शिल्लक ९५,२००. अप्पा म्हणाले, "असं होतच असतंय बगा."

दुसऱ्या दिवशी ८४.७०. अठरा पैसे, ७,२०० रुपये, शिल्लक ८८,०००. मोकळे फक्त तीन हजार राहिले, म्हणजे साडेसात पैशांची जागा. कॉल अजून आलेला नाही, म्हणून खातं धडधाकट दिसतं. खरं काही करायचा दिवस हाच होता. कॉल येईपर्यंत थांबणारा माणूस हा दिवस गमावतो.

तिसऱ्या दिवशी ८४.५२. पुन्हा अठरा पैसे, ७,२०० रुपये, शिल्लक ८०,८००. गरज ८५,००० ची. संध्याकाळी मेसेज गेला: मार्जिन शॉर्टफॉल ४,२०० रुपये, उद्या बाजार उघडण्याआधी भरा.

चार हजार दोनशे. मिलमध्ये लाखांची डाळ पडलेली असते आणि रोज त्याहून जास्त रोकड हातावरून जाते. पण अप्पांनी मेसेज पाहिला रात्री साडेदहाला, घरी एक लग्न आटोपून आल्यावर. रक्कम लहान, म्हणून सकाळी बघू म्हणाले. सकाळी साडेआठला आडतीवर गाडी खाली होत होती. मी दोनदा फोन केला, तो उचलला गेला नाही.

चौथ्या दिवशी नऊला बाजार उघडला तोच ८४.४० ला. आदल्या दिवशीच्या भावापासून बारा पैसे खाली, मधे एकही सौदा नाही. चार हजार आठशे आणखी गेले, शिल्लक ७६,०००. आता कमी पडणारी रक्कम ९,००० झाली होती. सौदे कापायचं काम शाखेतून होत नाही. मुख्य ऑफिसच्या रिस्क विभागाचं सॉफ्टवेअर ते करतं आणि त्याला लग्न, गाडी, आडत काही कळत नाही. काही ब्रोकर गरजेपुरतेच लॉट काढतात, काही सगळा सौदा मोकळा करतात. आमच्याकडे सगळा सौदा मोकळा करायचा नियम होता. चाळीसही लॉट ८४.४० ला विकले गेले.

डॉलर हलला एकूण साठ पैसे, म्हणजे ०.७ टक्के. अप्पांच्या लाखातले चोवीस हजार गेले. बाजार पाऊण टक्कासुद्धा हलला नाही आणि भांडवलाचा जवळपास चौथा हिस्सा संपला.

इथवर कुणी म्हणेल, ठीक आहे, बिल तर स्वस्त झालं ना? झालं असतं, भाव तिथेच राहिला असता तर. डॉलर पुढे ८४.३१ पर्यंत उतरला आणि मग वळला. बिल भरायच्या दिवशी तो ८५.९० होता. पंच्याऐंशीच्या मूळ भावापेक्षा नव्वद पैसे महाग, म्हणजे बिलावर ३६,००० रुपये जास्त. सौदा उभा असता तर वायद्यानं नेमके हेच छत्तीस हजार मिळवून दिले असते. तो नव्हता. चोवीस आणि छत्तीस मिळून साठ हजार गेले. वायद्याच्या वाटेला गेलेच नसते तर छत्तीसच गेले असते.

अप्पा आले तेव्हा रागात नव्हते, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. म्हणाले, "भाव तर मी म्हणलो तसाच गेला की. मग माझं चुकलं कुठं?"

उलटा हिशोब: आधी अंतर ठरवा, मग लॉट

चुकलं ते सुरुवातीच्या क्रमात. आम्ही आधी लॉट ठरवले, मग मार्जिन मोजलं आणि उरलं ते मोकळं म्हणून सोडून दिलं. हिशोब उलट्या बाजूनं करायला हवा. आधी विचारा, डॉलर माझ्या विरुद्ध किती गेला तरी मला सौदा टिकवायचा आहे? दीड महिन्याच्या व्यवहाराला मी निदान दोन रुपये धरायला सांगतो. त्याहून जास्त हालचाल झालेली आहे, पण कुठेतरी रेघ ओढावी लागते.

दोन रुपये म्हणजे लॉटमागे २,००० रुपये. त्यात मार्जिनचे २,१२५ मिळवले की एका लॉटला ४,१२५ रुपये लागतात. खिशात एक लाख असतील तर लॉट बसतात २४. चाळीस हवेच असतील तर १,६५,००० रुपये बाजूला पाहिजेत. तेवढे नसतील तर २४,००० डॉलर बांधायचे आणि १६,००० उघडे सोडायचे. अर्धवट संरक्षण मनाला पटत नाही, मान्य. पण चोवीस लॉटचं संरक्षण बिलाच्या तारखेपर्यंत टिकलं असतं. चाळीस लॉटचं चौथ्या सकाळीच संपलं.

या हिशोबाला दोन छिद्रं आहेत, ती आत्ताच सांगून ठेवतो.

एक म्हणजे भाव जागचा न हलता मार्जिनच वाढू शकतं. २०१३ च्या उन्हाळ्यात रुपया घसरत होता, तेव्हा जुलैमध्ये सेबीनं डॉलर-रुपयाच्या वायद्यावरचं मार्जिन दुप्पट केलं. आपल्या उदाहरणात तसं झालं तर पंच्याऐंशी हजारांची गरज एका दिवसात एक लाख सत्तर हजार होते. बाजार बरोबर ओळखलेला माणूससुद्धा त्या दिवशी कॉल खातो. आणि असे दिवस नेमके बाजार पिसाळलेला असतानाच येतात.

दुसरं छिद्र रोकडीचं. शेअर गहाण ठेवून मार्जिन दाखवता येतं आणि स्क्रीनवर मोठा आकडा दिसतो. पण रोजचा एमटीएम तोटा रोखीनंच द्यावा लागतो. गहाण शेअर पाच लाखांचे आहेत आणि बँकेच्या खात्यात रोख शून्य आहे, अशा माणसालाही शॉर्टफॉलचा मेसेज येतो आणि तो चक्रावतो. हंगामात ज्याचा पैसा मालात अडकलेला असतो, त्या मिलवाल्याची किंवा जिनिंगवाल्याची ही नेहमीची अवस्था आहे. म्हणून दोन रुपयांची ती जागा रोखीतच ठेवायची.

ज्याला रोजच्या रोकडीची ही कटकट झेपणार नाही, त्यानं आपल्या बँकेत फॉरवर्ड कॉन्ट्रॅक्टची, म्हणजे पुढच्या तारखेचा डॉलर आज ठरलेल्या भावात घ्यायच्या बँकेबरोबरच्या कराराची, चौकशी करावी. तिथे बँकेचं मार्जिन आणि अटी असतात, पण एक्स्चेंजसारखा रोज संध्याकाळी खात्यातून पैसे जाण्याचा प्रकार सहसा नसतो.

स्टॉप-लॉस लावला की झालं, असं नाही

पुष्कळांना वाटतं, कॉल येण्याआधी बाहेर पडायची ऑर्डर लावून ठेवली की विषय मिटला. चौथ्या दिवसाची सकाळ पुन्हा बघा. ८४.५२ नंतर थेट ८४.४०. मधल्या एखाद्या भावावर लावलेली ऑर्डर त्या भावाला लागणारच नाही, पुढे जो भाव मिळेल त्याला लागेल. आपला बाजार पाचला बंद होतो, पण सिंगापूर, लंडन, न्यूयॉर्कमध्ये रुपयाचे सौदे रात्रभर चालू असतात, म्हणून सकाळी अशी उडी पडते.

बारा पैशांची उडी परवडते, सगळ्याच परवडत नाहीत. १५ जानेवारी २०१५ ला स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेनं युरोसाठी १.२० फ्रँकची किमान पातळी अचानक सोडून दिली. काही मिनिटांत युरो फ्रँकसमोर कोसळला. १.१९ ला बाहेर पडायची ऑर्डर लावलेल्यांना त्याच्या कितीतरी खालचे भाव मिळाले. अनेकांच्या खात्यात शिल्लक शून्याखाली गेली, म्हणजे होते ते पैसे जाऊन वर देणं झालं. एफएक्ससीएम या मोठ्या ब्रोकरनं ग्राहकांकडून येणं असलेली रक्कम सुमारे २२.५ कोटी डॉलर असल्याचं जाहीर केलं, आणि अल्पारी या दुसऱ्या ब्रोकरची ब्रिटनमधली कंपनी दिवाळखोरीत गेली. इसारावर पाणी सोडून मोकळं होता येत नाही, असं वर म्हटलं ते याच अर्थानं.

मोबाईलवरचं पाचशे पट

आता मोबाईलवर चलनाचे सौदे करायच्या त्या अ‍ॅपबद्दल, ज्यासाठी हा लेख वाचणारे निम्मे लोक आले असतील. टेलिग्रामवर कुणीतरी दोनशे डॉलरचं खातं उघडायला सांगतो, लिव्हरेज १:५००. हिशोब तोच आहे, फक्त भिंत आणखी जवळ असते. आणि तिथे संध्याकाळी मेसेज, सकाळी फोन असलं काही नसतं. मशीन त्याच क्षणाला कापतं.

डेमो खात्यावर स्क्रीन उघडा. खाली पाच आकडे दिसतात: Balance, Equity, Margin, Free Margin, Margin Level. यातला Equity म्हणजे उभ्या सौद्याचा नफा-तोटा धरून आत्ता खात्यात असलेली रक्कम. शेवटचा आकडा असा निघतो:

```
Margin Level = Equity ÷ Margin × 100
```

समजा दोनशे डॉलर आहेत. युरो-डॉलर १.१००० ला अर्धा लॉट घेतला. तिथला लॉट एक लाख युरोचा, म्हणजे हे ५०,००० युरो. सौद्याची किंमत ५५,००० डॉलर, पाचशे पटीत Margin अडकलं ११०. Margin Level जवळपास १८२ टक्के. चौथ्या दशांशाची एक हालचाल, ज्याला तिथे पिप म्हणतात, ती या सौद्यात पाच डॉलरची. पुष्कळ ठिकाणी १०० टक्क्यांना इशारा येतो आणि ५० टक्क्यांना सौदा आपोआप बंद होतो. टक्के प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, खातं उघडताना ते वाचायचे.

Equity ११० वर आला की इशारा. म्हणजे नव्वद डॉलरचा तोटा, अठरा पिप. Equity ५५ वर आला की बंद. म्हणजे १४५ डॉलरचा तोटा, एकोणतीस पिप. युरो १.१००० वरून १.०९७१ वर आला, पाव टक्क्याच्या जरा पुढे, आणि खात्यातले जवळपास पाऊण भाग पैसे गेले. एवढी हालचाल दुपारच्या चहापर्यंत सहज होते. त्यात खरेदी-विक्रीच्या भावातला फरक सौदा टाकताक्षणी वजा होतो, म्हणजे धावायला सुरुवात केली तेव्हाच दोन-तीन पिप मागे.

युरोपातल्या नियामकांनी २०१८ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी मुख्य चलनांचं लिव्हरेज १:३० वर आणलं. त्या नियमात हाच अर्धा लॉट घ्यायला १,८०० डॉलरहून जास्त लागतात. दोनशे डॉलरवाल्याला तो मिळतच नाही. पाचशे पट ही ग्राहकाला दिलेली सवलत नव्हे, हे यावरून कळावं.

आणि आपल्यासाठी तर तो रस्ताच बंद आहे. परदेशी प्लॅटफॉर्मवर असल्या चलनाच्या सौद्यांसाठी मार्जिन पाठवायला रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजनाही परवानगी देत नाही. अशा अनधिकृत प्लॅटफॉर्मची इशारा-यादी रिझर्व्ह बँक सप्टेंबर २०२२ पासून आपल्या वेबसाइटवर ठेवते. यादीत नाव नाही म्हणजे मान्यता आहे, असाही अर्थ होत नाही. परकीय चलनाच्या फेमा कायद्याखाली दंड अडकलेल्या रकमेच्या तिप्पट होऊ शकतो. डेमोवर हिशोब शिका, तिथेच थांबा.

कॉल आला तर

पुन्हा अप्पांच्या तिसऱ्या संध्याकाळी जाऊ. शिल्लक ८०,८००, भाव ८४.५२, कमी ४,२०० रुपये. अप्पांपुढे तीन वाटा होत्या. पैसे भरायचे, लॉट कमी करायचे किंवा काहीच न करायचं. तिसरी त्यांनी घेतली. पहिली बहुतेक जण घेतात आणि नेमके ४,२०० भरतात. हे सगळ्यात फसवं. तेवढे भरले की मोकळी रक्कम शून्य, पुढच्या एका पैशाला पुन्हा कॉल. भरायचेच असतील तर अंतर विकत घेतल्यासारखे भरा. आणखी पन्नास पैशांची जागा हवी असेल तर वर २०,००० टाका, म्हणजे एकूण २४,२००. आणि त्याआधी स्वतःला विचारा की बिल अजून उभं आहे ना, तूर येतेच आहे ना. माल रद्द झाला असेल तर हा सौदा आता हेजिंग, म्हणजे बिलाचं संरक्षण, राहिलेला नाही, तिथे नवे पैसे घालू नयेत.

दुसरी वाट मला या प्रसंगात बरोबर वाटते, पण ती मेसेजची वाट न बघता, पाचला बाजार बंद व्हायच्या आधीच घ्यायला हवी होती. पन्नास पैशांची जागा ठेवायची तर लॉटमागे २,१२५ अधिक ५००, म्हणजे २,६२५ रुपये. ८०,८०० ला त्यानं भागलं की तीस लॉट बसतात. दहा लॉट स्वतःच्या हातानं विकायचे. अठ्ठेचाळीस पैशांचा तोटा दहा लॉटवर, ४,८०० रुपये, पदरात घ्यायचा. एमटीएममधून ते आधीच गेलेले आहेत, त्यामुळे नवं काही जात नाही. तीस लॉटना ६३,७५० चं मार्जिन, मोकळे १७,०५०, आणि पैशाला आता ३०० रुपये. जागा झाली छप्पन पैशांहून जास्त. डॉलर ८३.९६ पर्यंत उतरला असता तरी सौदा टिकला असता. तो ८४.३१ वरूनच वळला.

मग बिलाच्या दिवशी ८५.९० ला तीस लॉटवर २७,००० मिळाले असते. त्यातून ते ४,८०० वजा केले की २२,२००. बिलाचा वाढीव बोजा ३६,०००. अप्पांच्या खिशातून गेले असते १३,८००, साठ हजारांऐवजी.

हा कागद मी त्यांना करून दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. पुढच्या कंटेनरला त्यांनी चोवीस लॉट घेतले. पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला की मी न बघता सांगायचो, अप्पा असतील. विचारायचे एकच: "आज किती पैशांची जागा राहिली?"